माइ आणि माइ : ईवूच्या बाजारात मी गिऱ्हाईक असून विक्रेता कसा ठरलो?

रविवारपेठी

नमस्कार मंडळी. माझा पुण्यात मगांचा धंदा आहे. फोटो छापायचे पांढरे सब्लिमेशन मग, अकरा औंसांचे, एका खोक्यात ३६ नग. इतकी वर्षं मुंबईच्या एका आयातदाराकडून माल घेत होतो. या वेळी पहिल्यांदाच स्वतः चीनमध्ये ईवूला जाऊन आलो. चच्यांग प्रांतातलं हे गाव म्हणजे किरकोळ वस्तूंच्या घाऊक बाजाराची पंढरीच, हे व्यापारी मंडळींना सांगायला नको.

निघण्याआधी ओळखीतल्या एका मुलीकडून गरजेची दहाबारा वाक्यं चिनीत भाषांतर करून घेतली होती. ती दोन वर्षं चिनी शिकते आहे. तिने सगळं देवनागरीत लिहून दिलं आणि अक्षरांवर बारीक बाण काढले : आवाज कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा. पहिलंच वाक्य होतं ‘मला हे विकत घ्यायचं आहे’. ते असं : वो श्यांग माइ च-ग. ‘माइ’वर खाली जाऊन वर येणारा बाण. ती बजावून म्हणाली होती, “काका, हा बाण चुकला तर ‘विकायचं आहे’ असा अर्थ होईल.” म्हणून मी तेच वाक्य सर्वात जास्त घोकलं. पंधरा दिवस, रोज स्कूटरवर.

माझ्याकडे नमुन्याचा मग होता, कारण छपाई धरणारा लेप मला अगदी तसाच हवा होता. पहिल्या गाळ्यावर बाईंसमोर तो मग पिशवीतून काढून ठेवला आणि नीट सावकाश वाक्य म्हटलं. बाईंनी मग उचलला, उलटा करून बूड पाहिलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्या हातात परत दिला. “पू याओ, पू याओ.” म्हणजे नको. मला वाटलं, हा माल ठेवत नसतील. पण मागच्या फळीवर अगदी तसेच मग रचलेले दिसत होते! दुसऱ्या गाळ्यावर तेच झालं. तिसऱ्या गाळ्यावरच्या मुलाने मोडक्या इंग्रजीत विचारलं, तुमचा कारखाना कुठे आहे? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी माल विकायला आलोय असं सगळे समजत होते.

पुढे कॅल्क्युलेटर आणि खाणाखुणांवर काम झालं, मालही आला. पण प्रश्न मनातून जात नाही. मी बाण बरोबर पाळला होता. आवाज खाली नेला होता. मग ऐकणाऱ्याला ‘विकायचं आहे’ का ऐकू आलं? पुढच्या खेपेआधी हे समजून घ्यायचं आहे.

---

गिरीश७१

अनुभव छान लिहिलाय. पण सुरांचा फार बाऊ करू नका असं मी म्हणेन. कंपनीच्या कामासाठी मी शांघायला आठ महिने होतो. एकही सूर धड लागत नव्हता, तरी काही अडलं नाही. माणसं संदर्भावरून ओळखतात. ‘थाय क्वेइ ल’ म्हणजे ‘फार महाग’. यातला ‘क्वेइ’ चुकीच्या सुरात म्हटला तर ‘भूत’ होतो. मी आठ महिने दुकानदारांना ‘फार भूत’ म्हणत असेन, पण त्यांनी भाव कमीच केला. गिऱ्हाईक दुकानात भुताबद्दल बोलणार नाही, हे कोणालाही कळतं.

तुमच्या बाबतीत मला वाटतं, दोष सुराचा नसून नमुन्याचा आहे. पिशवीतून वस्तू काढून काउंटरवर ठेवणारा माणूस फेरीवालाच वाटणार. तुम्ही गप्प उभे राहिला असतात तरी बाई ‘नको’च म्हणाल्या असत्या.

---

प्राजक्ता_व

ईवूला जायला व्हिसा कोणता लागतो? आणि कमीत कमी किती खोकी घ्यावी लागतात? माझ्या बहिणीला राख्यांच्या सामानाचं बघायचंय.

---

मेधा_दुभाषी

मी चिनी-मराठी-इंग्रजी दुभाष्याचं काम करते. ईवूला व्यापाऱ्यांबरोबर बऱ्याच वेळा गेले आहे. हा गोंधळ मी डोळ्यांनी पाहिला आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सोयीसाठी सुराचा क्रमांक अक्षराला जोडू. माइ३ म्हणजे विकत घेणे, माइ४ म्हणजे विकणे. व्यंजन तेच, स्वर तोच, फरक फक्त सुराचा. तिसरा सूर खालचा. चौथा वरून सुरू होऊन झपकन खाली येणारा, आपण रागावून “नाही!” म्हणतो ना, तसा.

आता तुमच्या कागदावरचा बाण. तिसऱ्या सुराला ‘खाली जाऊन वर येणारा’ असं पहिल्या धड्यात शिकवतात, आणि अक्षर एकटं म्हटलं किंवा वाक्याच्या शेवटी आलं तर ते खरंही आहे. पण मध्ये आलं की वर येण्याचा भाग गळतो. उरतो फक्त खालचा भाग, जवळजवळ सपाट. माइ३नंतर तुमच्या वाक्यात ‘च-ग’ आहे, आणि त्यातला ‘च’ चौथ्या सुराचा, म्हणजे उंचावरून सुरू होणारा. तेव्हा खरं वळण असं : ‘माइ’ खाली, तिथेच थांबलेला, आणि मग ‘च’साठी एकदम वर उडी.

तुम्ही काय केलं असणार? बाण खाली जाणारा दिसतो म्हणून ‘खाली जाणं’ दाखवायला आवाज आधी वर नेलात, तिथून खाली आणलात, आणि परत चढायच्या आत पुढचं अक्षर आलं. वरून खाली, बस. तोच तर चौथा सूर! बाण चुकीचा नव्हता, पण त्यात सुरुवात कुठून करायची ते नव्हतं. तिसरा सूर खालूनच सुरू होतो. त्यात उतरण्यापेक्षा खाली असणं महत्त्वाचं.

आणखी एक गोष्ट आहे, ती बहुतेक कोणी सांगत नाही. दोन तिसरे सूर लागोपाठ आले की पहिला बदलून दुसरा होतो, म्हणजे चढता, आपण “हो?” असं विचारतो तसा. ‘श्यांग’ मुळात तिसरा. त्याच्यापुढे माइ३ आला की श्यांग चढतो. पुढे माइ४ आला तर श्यांग खालीच राहतो. म्हणजे ऐकणाऱ्याला ‘माइ’ कानावर पडायच्या आधीच, ‘श्यांग’वरून, घेणार की विकणार याचा अंदाज लागतो! तुम्ही प्रत्येक अक्षर सुटं आणि सावकाश घोकलंत, त्यामुळे श्यांग खालीच राहिला असणार. दोन्ही खुणा विक्रीकडे बोट दाखवत होत्या.

गिरीशजी, नमुन्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि संदर्भ वाचवतो हेही बरंचसं खरं आहे. ‘फार भूत’ दुकानात बसतच नाही, म्हणून ऐकणारा मनातल्या मनात दुरुस्त करतो. पण घेणं आणि विकणं दोन्ही त्याच जागी चपखल बसतात. ईवूच्या गाळ्यांवर दिवसभर दोन्ही प्रकारची माणसं येत असतात : माल घेणारे, आणि आपल्या कारखान्याचा नमुना घेऊन फिरणारे. दुरुस्त करायचं कारणच दिसत नाही, मग कोण करेल?

प्राजक्ता, व्हिसासाठी वेगळा धागा काढ ना, इथे विषय वाहून जाईल.

---

रविवारपेठी

मेधाताई, दंडवत! तुमचं वाचून लगेच म्हणून बघितलं. खरंच, ‘माइ’ म्हणताना माझी मान आधी वर जाते. ‘श्यांग’चं तर गावीही नव्हतं. स्कूटरवरचे पंधरा दिवस मी नेमकी चूक पक्की करत होतो.

---

तानपुरा

मी गाणं शिकवते. हे सूर आपल्या सरगमीत बसवले तर सोपं होईल असं वाटतं. पहिला सूर म्हणजे पंचम धरून ठेवायचा, चौथा म्हणजे पंचमावरून षड्जावर मींड, तिसरा म्हणजे मंद्र सप्तकातला पंचम. काळी पाचची पट्टी लावून विद्यार्थ्यांना बसवलं तर आठवड्यात पक्कं होईल की!

---

मेधा_दुभाषी

मींड हा शब्द अगदी योग्य आहे, माझ्याही कामाला येईल. पण पट्टी लावू नका. चिनी सूर ठरलेल्या श्रुतीवर नसतात, ते ज्याच्या त्याच्या बोलण्याच्या आवाजाच्या पल्ल्यात मोजायचे. युएन रेन चाओ या भाषातज्ज्ञाने १९३० मध्ये यासाठी पाच पायऱ्यांची पद्धत मांडली. एक म्हणजे तुमच्या बोलण्यातली सर्वात खालची पायरी, पाच म्हणजे सर्वात वरची. चौथा सूर पाचवरून एकवर. तिसरा मध्ये आला तर दोनवरून एकवर, म्हणजे जेमतेम हललेला. आजोबांची पाचवी पायरी नातीच्या पहिल्या पायरीच्याही खाली असू शकते, तरी दोघं एकमेकांचं नीट समजतात.

आणि मंद्र पंचम म्हणाल तर तुमच्या विद्यार्थ्याला तो गाऊन दाखवावा लागेल. इथे गायचं नाहीये. खर्जात आवाज जाऊन किंचित खरखरला तरी चालतो. उलट बऱ्याच चिनी लोकांचा आवाज तिसऱ्या सुरात तसा खरखरतोच.

---

शिन्चूकर

मी तैवानमध्ये शिन्चूला राहते, नवऱ्याची नोकरी इथे आहे. मी विकत घेणं-विकणं यात अडकले नाही. मी मिठात अडकले.

आल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात घरातलं मीठ संपलं. खाली चोवीस तास उघडं असणारं दुकान आहे. तिथे जाऊन म्हटलं, “वो याओ येन.” मला मीठ हवं. काउंटरवरच्या मुलाने मागे वळून सिगारेटींच्या कप्प्याकडे हात केला आणि विचारलं, कुठली? मी परत म्हटलं, येन. त्याने एक पाकीट काढलं. मी मान हलवली, त्याने दुसरं काढलं. कुकरला शिट्टी करायच्या बेतात आलेली डाळ गॅसवर ठेवून आले होते. अक्षरशः रडू येत होतं.

घरी येऊन शेजारीणबाईंना विचारलं. मीठ म्हणजे येन२, चढता. सिगारेट किंवा धूर म्हणजे येन१, वर आणि सपाट. मी सपाट म्हणत होते. त्यांनी सूर शिकवायचा प्रयत्न केला आणि मग हसून म्हणाल्या, तू ‘येनपा’ म्हण. इथे मिठाला ‘येनपा’ असंही म्हणतात. एक अक्षर वाढलं की सूर गडबडला तरी दुसरा अर्थ निघत नाही. तेव्हापासून आजतागायत येनपा.

गिरीशजी, इथेही संदर्भाने वाचवलं नाही. दोन्ही वस्तू त्याच दुकानात, आणि सिगारेट त्याच्या पाठीशीच होती.

---

गिरीश७१

ताई, पटलं. मी आठ महिने जे बोललो त्यात दोन्ही अर्थ बसतील असं काही नव्हतंच बहुधा. हॉटेल, टॅक्सी, ऑफिस. खरेदी कमीच केली.

पण मग मेधाताईंना विचारतो. गिऱ्हाइकाने माइ३ म्हणायचं आणि दुकानदाराने माइ४, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे ना?

---

मेधा_दुभाषी

नाही ना! भाव विचारायचं बाजारातलं सगळ्यात घरगुती वाक्य आहे च-ग चन्म माइ४. शब्दशः ‘हे कसं विकता?’. आपणही मंडईत “मेथी कशी दिली?” असंच विचारतो, “मेथी कशी घेऊ?” असं विचारत नाही. म्हणजे गिऱ्हाइकाच्या तोंडीही माइ४ येतो. तिथे चुकून माइ३ म्हटलं तर ‘हे विकत कसं घ्यायचं?’ असा अर्थ होतो. दुकानदार भाव सांगायच्या ऐवजी पैसे भरायची रीत सांगायला लागेल.

(‘चन्म’मधला च हा चमच्यातला. चहातला नाही. आपल्या मराठीत दोन च आहेत, त्यामुळे ‘चन्म’ आपल्याला आपोआप बरोबर येतं. हिंदीभाषक विद्यार्थ्यांना तो च मुद्दाम बसवावा लागतो.)

आणि सुरांमध्ये आपल्या माणसांना चौथाच जड जातो, असा माझा अनुभव. अवघड म्हणून नव्हे. तो तोडून टाकल्यासारखा वाटतो, आणि अनोळखी माणसाशी असं बोलणं आपल्याला उद्धट वाटतं. म्हणून लोक तो मऊ करतात, लांबवतात. ‘चन्म माइ’ नम्रपणे, शेवट वर उचलून म्हणतात, कारण मराठीत प्रश्नाचा शेवट वर जातो. झालं, माइ४ची धार गेली. चिनी दुकानदाराला तो सूर रागाचा वाटत नाही, त्याला तो फक्त शब्द वाटतो. बिनधास्त तोडा.

---

जुनी_पोथी

फार रंगलाय धागा. यात नवं काही नाही मात्र. आपल्या वेदांत हेच आहे. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून ‘इन्द्रशत्रुर्वर्धस्व’ म्हटलं आणि स्वर चुकल्यामुळे वृत्र इंद्राला मारणारा होण्याऐवजी इंद्राकडून मारला जाणारा झाला. उदात्त, अनुदात्त, स्वरित म्हणजेच चिनी सूर. ज्याला वेदपाठ येतो त्याला चिनी आपोआप येईल.

---

मेधा_दुभाषी

गोष्ट अगदी समर्पक आहे, ती मी वर्गात सांगते. पण दोन्हींचं यंत्र निराळं. ‘इन्द्रशत्रु’मध्ये अक्षरं तीच राहतात, फक्त उदात्त शब्दाच्या सुरुवातीला की शेवटी, यावर समास तत्पुरुष की बहुव्रीही ते ठरतं. साधारणपणे एका शब्दाला एक उदात्त. चिनीत जवळजवळ प्रत्येक अक्षराचा स्वतःचा सूर असतो आणि तो बदलला की मुळात शब्दच दुसरा होतो. वेदपाठी माणसाचा कान तयार असतो, हे मात्र मला मान्य आहे.

तुम्ही पोथीचा विषय काढलाच आहे तर एक सांगते. घेणं आणि विकणं हे चिनीतले दोन योगायोगाने सारखे शब्द नाहीत. मूळ एकच, आणि फार जुन्या चिनीत त्या मुळाला शेवटी एक ‘स्’ जोडून ‘विकणं’ झालं असं अभ्यासक मानतात. पुढे ‘स्’ गळला आणि त्याच्या जागी सूर उरला. संस्कृतात ‘क्री’ म्हणजे विकत घेणं आणि ‘विक्री’ म्हणजे विकणं. आपण पुढे ‘वि’ जोडला, त्यांनी मागे ‘स्’. मराठीत तर ‘विकत घेणे’ आणि ‘विकणे’ यांत आपण अजून तो एकच ‘विक’ वापरतो.

---

स्वरयंत्र

मी वाचा-उपचारक आहे, चिनी येत नाही. पण रविवारपेठींनी खरंच काय म्हटलं हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. `Praat` नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, अॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या लोकांनी केलेलं. आवाजाची फाईल उघडली की सुराची रेघ दिसते. पुरुषाचा आवाज असेल तर पल्ला ७५ ते ३०० हर्ट्झ ठेवा, नाहीतर खालच्या सुराला रेघ उगाच उड्या मारते. आणि मेधाताई म्हणतात तसा आवाज खरखरला तर तिथे रेघ तुटेल. घाबरू नका, तिसऱ्या सुरात तुटलेली रेघ हे चांगलं लक्षण समजा.

घोकताना कधी रेकॉर्ड केलं होतं का?

---

रविवारपेठी

केलं होतं! निघायच्या आदल्या रात्री मुलीला व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं. आज भाच्याला बसवून ते सॉफ्टवेअर उघडलं. जे दिसलं ते जसंच्या तसं सांगतो. ‘वो’ खाली. ‘श्यांग’ खाली, साधारण १०५ हर्ट्झवर जवळजवळ आडवी रेघ, चढ अजिबात नाही. ‘माइ’ १७० च्या आसपास सुरू होतो आणि घसरगुंडीसारखा ९५ पर्यंत येतो. नंतर लगेच ‘च’ पुन्हा वरून. माझा ‘माइ’ आणि माझा ‘च’ यांच्या रेघा भाच्याने एकावर एक ठेवल्या. जुळ्या भावांसारख्या दिसतात.

---

मेधा_दुभाषी

म्हणजे शंका राहिली नाही. ‘वो श्यांग माइ४ च-ग’, शुद्ध चिनीत, ‘मला हे विकायचं आहे’. खरं सांगते, फार सुंदर चौथा सूर आहे तो. अडखळत बोलला असतात तर बाईंना शंका आली असती.

---

गिरीश७१

तरी माझा नमुन्याचा मुद्दा उरतोच. रेकॉर्डिंग आदल्या रात्रीचं आहे, गाळ्यावरचं नाही. आणि बाईंनी आधी हात पाहिला की आधी कान दिला, हे रेघ सांगणार नाही. पुढच्या खेपेला पिशवी बंद ठेवून तेच चुकीचं वाक्य म्हणून बघा, म्हणजे कळेल!

---

मेधा_दुभाषी

यावर मी वाद घालणार नाही. गाळ्यावरचा आवाज आपल्याकडे नाही.

---

इथूनतिथून

क्वांगचौला माझी ये-जा असते, कापडाच्या कामासाठी. तिथे बाजारात कँटोनीज चालते. वाटलं होतं, त्या भाषेत तरी ही कटकट नसेल. पण तिथेही घेणं आणि विकणं ‘माइ’च, आणि तिथेही फरक सुराचाच! फक्त चढ-उतार वेगळे. एक खालून चढतो, दुसरा खालीच सपाट. मला तर हे मँडरिनपेक्षा अवघड वाटतं.

ईवूला मात्र माझी पंचाईत आकड्यांत झाली. चार म्हणजे ‘स’, दहा म्हणजे ‘श’ असं मी पाठ केलं होतं. तिथले लोक दोन्हीला ‘स’ म्हणतात असं वाटलं. चार युआनला सांगितलेला चमचा मी दहाला समजून घासाघीस केली, आणि सहाला द्या म्हणालो. विकणाऱ्याने दोनदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कॅल्क्युलेटरवर ४ दाबून दाखवला. प्रामाणिक माणूस.

---

मेधा_दुभाषी

भला माणूस भेटला तुम्हाला. तुमचा कान बरोबर आहे. दक्षिणेकडे, आणि चच्यांगमध्येही, बरेच जण जीभ मागे वळवून म्हणायचा ‘श’ म्हणत नाहीत, सरळ ‘स’ म्हणतात. मग चार आणि दहा यांत फक्त सूर उरतो. चार चौथ्या सुरात, तुटक. दहा दुसऱ्यात, चढता. संदर्भ इथेही कामाचा नाही, कारण चमचा चारचाही असू शकतो, दहाचाही. चिनी मुलं ‘चार म्हणजे चार, दहा म्हणजे दहा’ अशी जीभ वळवणारी ओळ म्हणत मोठी होतात, म्हणजे त्यांनाही ही जोडी कठीणच जाते.

म्हणून बाजारात भाव कॅल्क्युलेटरवर किंवा बोटांनी दाखवायची पद्धत आहे. तो संकोचाचा विषय नाही. दोन चिनी व्यापारीही, वेगवेगळ्या प्रांतांतले असले तर, आपसात तेच करतात.

---

रविवारपेठी

आता नेमकं विचारतो. पुढच्या खेपेला मी काय म्हणू? सूर सुधारायचा प्रयत्न करेनच, पण साठीला आलोय. कागदावर असं वाक्य हवं की सूर चुकला तरी मी विक्रेता होणार नाही.

---

मेधा_दुभाषी

‘माइ’ काढूनच टाका. म्हणा वो याओ च-ग. मला हे हवंय. ‘याओ’ चौथ्या सुराचा. चुकून तिसऱ्यात म्हटलात तर ‘मी हे चावतो’ असा अर्थ होतो, आणि मग चावायचं कोणी मनावर घेणार नाही, संदर्भ खरोखर वाचवेल. वर गिरीशजी म्हणत होते ते इथे शंभर टक्के लागू.

मगाचं नाव घ्यायचं असेल तर ‘पेइच’. यात ‘पेइ’ पहिल्या सुराचा, वर आणि सपाट. तोडून म्हटलात तर चौथ्या सुरात जाऊन ‘दुलई’ होते. ईवूत दुलयाही विकतात. पण नगाचा शब्द जोडलात की बचाव होतो. पेल्याला ‘क’ लावतात : ‘वू पाय क पेइच’, पाचशे नग पेले. दुलईला ‘छ्वांग’ लावतात, म्हणजे खाट. ‘क’ ऐकल्यावर कोणी तुम्हाला सहसा दुलया दाखवणार नाही. आपण ‘एक जुडी’ म्हटलं की भाजी कळते, ‘एक जोड’ म्हटलं की चपला, तसंच आहे हे.

आणि नमुना? आधी फळीवरच्या मगाकडे बोट दाखवा, ‘वो याओ’ म्हणा, मग पिशवी उघडा.

ज्यांना खरंच सूर बसवायचा आहे त्यांच्यासाठी एक शब्द : माइ३माइ४. घेणं-विकणं, म्हणजे व्यापार. दोन्ही शेजारी शेजारी, आणि पहिला नेमका त्याच खालच्या, न चढणाऱ्या रूपात. हा रोज वीसदा म्हणा आणि रेघ बघा. पहिली खाली आडवी किंवा तुटलेली, दुसरी वरून घसरणारी. बोलताना व्यापारी लोक दुसरं ‘माइ’ हलकं सोडतात, पण सरावासाठी पूर्ण म्हणा. हे जमलं की मग ‘श्यांग माइ३’ घ्या, एक चढता आणि एक खाली.

---

शिन्चूकर

मेधाताई, हे लिहून दाखवायचं झालं तर? मी फोनवर `mai` टाइप केलं की दोन्ही अक्षरं समोर येतात आणि कुठलं निवडायचं तेच आठवत नाही.

---

मेधा_दुभाषी

चीनमधल्या लिपीत 买 म्हणजे घेणं, 卖 म्हणजे विकणं. दुसऱ्याच्या डोक्यावर अधिकाचं चिन्ह आहे. व्यापाऱ्याला मी असं सांगते : विकणाऱ्याच्या खिशात भर पडते म्हणून त्याच्या डोक्यावर अधिक. ही फक्त आठवणीची युक्ती, अक्षराचा इतिहास वेगळा आहे. तुमच्याकडे तैवानात जुनी, जास्त रेघांची अक्षरं दिसतील, पण तिथेही विकण्याच्याच डोक्यावर जास्तीचा भाग बसतो. टाइप करताना सूर कोणी विचारत नाही, म्हणून निवड डोळ्यांनीच करावी लागते. पाठवायच्या आधी डोकं बघा.

---

स्वरयंत्र

मेधाताई, माझा प्रश्न राहिला. तिसऱ्यापुढे तिसरा आला की पहिला चढतो म्हणालात. मग तो मूळच्या दुसऱ्या सुराशी अगदी एकरूप होतो का? तसं असेल तर आणखी जोड्या एकमेकींत मिसळत असतील.

---

मेधा_दुभाषी

मिसळतात. ‘घोडा विकत घेणं’ आणि ‘घोडा पुरणं’ ही अभ्यासकांची लाडकी जोडी आहे. ‘पुरणं’ म्हणजे माइ२, आणि घोडा, ‘मा’, तिसऱ्या सुराचा. त्यामुळे माइ३ मा चढून माइ२ मा होतो. साठच्या दशकात हे मातृभाषकांना ऐकवून पाहिलं, तेव्हा त्यांना फरक ओळखता आला नाही. यंत्राच्या रेघेत मात्र किंचित फरक सापडल्याचं नंतर काहींनी मांडलं आहे, आणि तो कानाला उपयोगी पडतो का यावर अजून मतभेद आहेत.

---

रविवारपेठी

कागद नव्याने लिहिला. पहिली ओळ ‘वो याओ च-ग’, दुसरी ‘वू पाय क पेइच’, तिसरी ‘चन्म माइ’ आणि त्यापुढे कंसात ‘तोडून’. बाण एकही काढलेला नाही. ‘माइमाइ’ आज पहाटे टेकडीवर म्हटलं. भाच्याने रेघ काढली. पहिला ‘माइ’ अजून १४० वरून सुरू होतोय, पण ९० च्या खाली गेल्यावर एका जागी रेघ तुटली.

---

प्राजक्ता_व

व्हिसाचा वेगळा धागा काढलाय, जाणकारांनी तिकडे बघा प्लीज. आणि मेधाताई, राखीच्या मण्यांना नगाचा शब्द कुठला लावतात?